144 हर्ट्झच्या स्क्रीनवर चित्र फाटतं, म्हणून लॅपटॉप बदलू का?

*ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत हॉस्टेलवर राहतो. मागच्या आठवड्यात बाबा आणि आत्याने मिळून लॅपटॉप घेऊन दिला: रायझन 7, आरटीएक्स 4050, स्क्रीन 144 हर्ट्झ. सायबरपंक 2077 मध्ये 65 ते 80 एफपीएस मिळतात, पण कॅमेरा वळवला की चित्र मधूनच फाटतं. व्ही-सिंक लावलं की फाटणं थांबतं, पण माउस जड होतो आणि गेम अडखळतो. रूममेट म्हणतो जी-सिंक चालू कर, पण कंट्रोल पॅनेलमध्ये तो पर्यायच नाही. दुकानदार ओळखीचा आहे. आणखी 17 हजार दिले तर तो 165 हर्ट्झ आणि जी-सिंकवाला लॅपटॉप बदलून देतोय, पण याच आठवड्यात सांगायला हवं. त्याने पिक्चर, क्रिकेट, ब्राउझिंगही सुधारेल ना? बाबांकडे परत पैसे मागू का?*

बाबांना फोन करायच्या आधी एक काम कर. Settings उघड, System, मग Display, आणि खाली Advanced display. तिथे तुझ्या स्क्रीनच्या नावाखाली Connected to अशी एक ओळ असते आणि पुढे ग्राफिक्सचं नाव. माझा अंदाज आहे की तुला तिथे एनव्हिडिया दिसणार नाही, AMD Radeon दिसेल. तसं असेल तर तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

तुझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची दोन यंत्रं आहेत. एक रायझनच्या चिपमध्येच बसलेलं, कमी वीज खाणारं, दुसरं 4050. लॅपटॉप कारखान्यातून येतो तेव्हा बहुतेक वेळा हायब्रिड मोडमध्ये असतो, म्हणजे स्क्रीन रायझनच्या ग्राफिक्सला जोडलेली असते. गेमचं चित्र 4050 काढतं, पण काढून झालं की रायझनच्या हातात देतं आणि तिथून ते स्क्रीनवर जातं. 4050 चा स्क्रीनशी थेट संबंधच येत नाही. म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये नुसता जी-सिंकचा, म्हणजे स्क्रीनची गती गेमप्रमाणे बदलण्याचा, पर्याय गायब नसेल, Display नावाचा अख्खा विभागच नसेल. डावीकडच्या यादीत 3D Settings आहे आणि रिझोल्युशन बदलायची जागा मात्र नाही, असं दिसलं तर हेच कारण समज. पर्याय दिसत नाही म्हणजे स्क्रीनला ते जमत नाही, असं तू आणि तुझ्या रूममेटने धरून टाकलंय. ते अजून ठरायचं आहे.

ठरवायचं कसं, ते सांगते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं एक सॉफ्टवेअर आत असतं, ज्यातून पंख्याचा वेग वगैरे बदलता येतो. त्यात ग्राफिक्स मोड शोध. Hybrid च्या शेजारी Discrete किंवा dGPU असं काही असेल, तर तुझ्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच आहे; म्हणजे स्क्रीनची जोडणी रायझनवरून थेट 4050 वर नेण्याची सोय. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय फक्त बायोसमध्ये असतो. तो बदलण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून ठेव, कारण बायोसमध्ये असे बदल केले की विंडोज कधीकधी ती की मागतं, आणि ती हाताशी नसेल तर रात्र त्यातच जाते. मोड बदलून रीस्टार्ट केलंस की Advanced display मधली ती ओळ परत वाच. आता तिथे एनव्हिडिया दिसायला हवं. कंट्रोल पॅनेलमध्ये Display विभाग आला असेल आणि त्यात Set up G-SYNC असेल, तर दुकानदार 17 हजाराला जे विकतोय ते तुझ्या टेबलावर आधीच पडलेलं आहे.

Display विभाग आला पण जी-सिंकची ओळ आली नाही, असंही होऊ शकतं. लॅपटॉपच्या आतल्या स्क्रीनसाठी ती सोय बनवणाऱ्याने त्या पॅनेलसह मंजूर करून घ्यावी लागते, आणि स्वस्तातल्या मॉडेलांत ते केलेलं नसतं. मग हायब्रिडवर परत जा आणि AMD Software मध्ये Display खाली AMD FreeSync बघ. तिथे ते चालू करता आलं तर स्क्रीनला बदलती गती, म्हणजे व्हीआरआर, जमते, एवढं तरी नक्की. 4050 ने काढलेल्या गेमलाही ती लागू पडते का, हे मात्र लॅपटॉप आणि ड्रायव्हरवर ठरतं, खेळूनच कळेल. आणखी एक खूण त्याच Advanced display मध्ये आहे. विंडोज 11 तिथे Dynamic नावाचा पर्याय देत असेल, तर समज की स्क्रीन बदलती गती घेणारी आहे, कारण मायक्रोसॉफ्टची ती अटच आहे. उलटं मात्र धरू नकोस: Dynamic दिसत नाही म्हणून स्क्रीन बाद, असं नाही.

आता ही बदलती गती नेमकं करते काय, ते बघू. हे कळल्याशिवाय 165 आणि 144 मधला निर्णय होणार नाही.

तुमच्या भागात एसटीही धावते आणि वडापही. एसटी ठरल्या वेळी सुटते, तू स्टँडवर पोचलास की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. 144 हर्ट्झची साधी स्क्रीन म्हणजे दर 7 मिलिसेकंदांनी सुटणारी एसटी. गेमची फ्रेम हा प्रवासी. 70 एफपीएस म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला साधारण 14 मिलिसेकंद, पण तो सरासरीचा हिशोब झाला. प्रत्यक्षात एक फ्रेम 12 मध्ये होते, दुसरी 16 मध्ये, तिसरी 13 मध्ये. व्ही-सिंक बंद असताना प्रवासी धावत्या गाडीत उडी मारतो: स्क्रीनवर वरून खाली चित्र रेखाटलं जात असतानाच नवी फ्रेम घुसते, वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्याचा. कॅमेरा वळत असेल तर दोन्हींची जुळणी चुकते आणि उभा खांब मधेच तुटलेला दिसतो. तुला दिसणारं फाटणं ते हेच.

व्ही-सिंक लावलं की धावत्या गाडीत चढायला बंदी. 13 मिलिसेकंदांत आलेली फ्रेम 14 च्या गाडीने जाते, पण 16 ला आलेली फ्रेम थेट 21 च्या गाडीने. म्हणजे मागेपुढे 3 मिलिसेकंदांचा जो फरक होता, तो स्क्रीनवर 7 चा होऊन बसला. शिवाय तयार फ्रेम फलाटावर ताटकळते, आणि तो थांबलेला वेळ तुझ्या हाताला माउस जड झाल्यासारखा जाणवतो. तुझी तक्रार अगदी बरोबर आहे, फक्त दोष 4050 चा नाही.

वडाप प्रवासी आला की सुटते. बदलत्या गतीची स्क्रीन एक चित्र रेखाटून झालं की पुढचं लगेच सुरू न करता थांबते, आणि फ्रेम आली की निघते. 12 ला आली तर 12 ला, 16 ला आली तर 16 ला. फाटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण रेखाटत असताना कोणी मधे घुसत नाही. ताटकळणंही नाही. हे थांबणं तांत्रिकदृष्ट्या दोन चित्रांमधल्या मोकळ्या वेळात होतं, आणि गंमत म्हणजे त्याची मुळं लॅपटॉपमध्येच आहेत. एनव्हिडियाने 2013 मध्ये जी-सिंक आणलं तेव्हा मॉनिटरमध्ये वेगळा सर्किट बोर्ड लागायचा. 2014 च्या जानेवारीत एएमडीने तोशिबाच्या साध्या लॅपटॉपवर तोच परिणाम करून दाखवला, कारण वीज वाचवण्यासाठी लॅपटॉपच्या स्क्रीनला हा मोकळा वेळ लांबवता येत होता. त्याच वर्षी अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात आलं. जी-सिंक काय, फ्रीसिंक काय, लॅपटॉपच्या आतल्या स्क्रीनपुरती ती एकाच गोष्टीवर लावलेली दोन लेबलं आहेत.

वडापचालकही अनंतकाळ थांबत नाही. 144 च्या बऱ्याच स्क्रीनची खालची मर्यादा 48 हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे एका चित्रावर जास्तीत जास्त 21 मिलिसेकंद थांबता येतं. समज, गजबजलेल्या बाजारात तुझा गेम 40 वर घसरला. फ्रेमला 25 मिलिसेकंद लागतायत, तेवढं थांबणं स्क्रीनला जमत नाही. अशा वेळी ड्रायव्हर एकच फ्रेम दोनदा दाखवतो, दर साडेबारा मिलिसेकंदांनी, म्हणजे स्क्रीन 80 वर चालते आणि तुला कळतही नाही. हे जमायला वरची मर्यादा खालच्या दुपटीपेक्षा बरीच जास्त लागते. 48 ते 144 मध्ये ते आरामात बसतं. एखाद्या 60 हर्ट्झच्या लॅपटॉपवर अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक लिहिलेलं असतं तेव्हा मात्र पल्ला 48 ते 60 असा चिंचोळा असू शकतो. तिथे 40 चे 80 करायला जागाच नाही. हे वाचणाऱ्या आणि लॅपटॉप शोधत असलेल्या बाकीच्यांनी म्हणून दुकानात "व्हीआरआर आहे का" एवढंच विचारू नये. किती ते किती, हे विचारावं.

आता तुझ्या 165 कडे येऊ. तुझा गेम 65 ते 80 च्या दरम्यान चालतो. बदलती गती चालू झाली की तुझी स्क्रीनही 65 ते 80 हर्ट्झवरच चालणार, मग वरचा आकडा 144 असो की 165. त्या खेळात तुला दोन्हींत काडीचा फरक दिसणार नाही. आणि बदलत्या गतीने एफपीएस वाढत नाहीत. 65 चे 65 च राहतात, फक्त नीट दिसतात. त्या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डही तेच 4050 असेल, तर तू 17 हजार एका लेबलसाठी देतोयस. कार्ड वेगळं असेल तर तुलना वेगळी, पण मग ती कार्डाची तुलना आहे, स्क्रीनची नाही. तेही दुकानदाराला विचार.

यावर तू म्हणशील, "ताई, पण गेम अडखळतो त्याचं काय?" इथे थोडं थांबायला हवं, कारण अडखळणं दोन प्रकारचं असतं आणि बदलती गती फक्त एकावर चालते. वर सांगितलं ते 14 आणि 21 चं हेलकावणं ती पुसून टाकते. पण एखादी फ्रेम 100 मिलिसेकंद घेत असेल, तर वडाप काय आणि एसटी काय, प्रवासीच घरातून निघालेला नाही. ओळखायचं असं: गेममध्ये एखाद्या उभ्या खांबासमोर उभा राहा आणि कॅमेरा सावकाश डावीउजवीकडे फिरव. खांब मधून तुटला तर फाटणं. खांब अखंड आहे पण सतत बारीक थरथरत सरकतो, तर वेळेची चुकामूक; यावर औषध आहे. खांब नीट सरकतो आणि दर काही सेकंदांनी एकदम धक्का बसून उडी मारतो, तर ते दुखणं वेगळं. एनव्हिडियाचा ओव्हरले असेल तर Alt+R दाबून आकडे आण आणि सरासरीऐवजी 1% low, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, बघ. सरासरी 72 आणि 1% low 55 असेल तर बदलत्या गतीने तुझा खेळ लोण्यासारखा होईल. सरासरी 72 आणि 1% low 28 असेल तर स्क्रीनला दोष देऊ नकोस.

तुझ्या बाबतीत मला पहिला संशय 4050 च्या 6 जीबी मेमरीचा येतो. टेक्श्चर सर्वांत वरच्या दर्जावर ठेवले की ती भरते, उरलेला माल साध्या रॅममधून आणावा लागतो आणि धक्का बसतो. एक पायरी खाली आण, गेम बंद करून परत सुरू कर, मग बघ. दुसरा संशय रॅमचा: एकच पट्टी लावलेली असेल तर टास्क मॅनेजरमध्ये Memory खाली Slots used मध्ये 1 of 2 दिसेल, आणि दुसरी पट्टी 17 हजारांच्या खूप आत येते. तिसरी शक्यता उष्णतेची. पहिली पंधरावीस मिनिटं सगळं छान आणि मग घसरण, असं होत असेल तर लॅपटॉप गादीवर ठेवून खेळतोस का, हे आधी स्वतःला विचार. हॉस्टेलवाल्यांना हा प्रश्न मी हमखास विचारते आणि उत्तर हमखास "हो" येतं.

सोय चालू झाली असं समजून पुढचं सांगते. Set up G-SYNC मध्ये पूर्ण स्क्रीन आणि विंडो असे दोन पर्याय असतात; पूर्ण स्क्रीनचाच निवड. दुसऱ्यात एखादं साधं अ‍ॅप गेम समजलं जातं, स्क्रीन त्याच्या तालावर चालायला लागते आणि माउसचा बाण गुळात अडकल्यासारखा फिरतो. मग Manage 3D settings मध्ये व्ही-सिंक चालू कर आणि गेममधलं बंद ठेव. हे ऐकून रूममेट हसेल, कारण व्ही-सिंकलाच तर घालवायचं होतं. पण पल्ल्याच्या आत असताना ते काही करत नाही. फ्रेम 144 च्या वर जायला लागल्या की तेवढ्यापुरतं फाटणं अडवतं. आणि वर जाऊच नये म्हणून त्याच ठिकाणी Max Frame Rate 138 ठेव. मर्यादेला टेकलं की व्ही-सिंकचं ताटकळणं परत सुरू होतं, म्हणून दोनचार पावलं आत राहायचं. ज्या गेममध्ये एनव्हिडियाचं रिफ्लेक्स आहे तिथे जी-सिंक आणि व्ही-सिंकसोबत ते स्वतःच 144 साठी 138 च्या आसपास थांबतं.

व्हॅलोरंटसारखा गेम खेळत असशील तर हिशोब बदलतो. तिथे 4050 सहज 200 च्या वर जातं, म्हणजे सगळा खेळ पल्ल्याच्या बाहेर. 138 वर बांधून घेतलंस तर चित्र स्वच्छ, बांधलं नाहीस आणि व्ही-सिंकही बंद केलंस तर फाटणं आलं, पण हाताचा प्रतिसाद किंचित लवकर. एवढ्या वेगात फाटलेली रेघही क्षणभरच टिकते. स्पर्धेत उतरणारे बहुतेक जण फाटणं पत्करतात. मी असते तर बांधून घेतलं असतं, पण माझा नेम असाही वाईट आहे.

एक खोड आधीच सांगून ठेवते. गेम लोड होताना फ्रेमचा वेग 20 वरून 140 वर आणि परत खाली अशा उड्या मारतो, आणि गती बदलली की काही स्क्रीनची प्रखरता किंचित बदलते. गडद चित्रात ती लुकलुक दिसते, ओएलईडीवर जास्त. माझ्या स्वतःच्या ओएलईडी लॅपटॉपवर एका भुयाराच्या दृश्यात ती इतकी दिसायची की मी स्क्रीन खराब झाली म्हणून सर्व्हिस सेंटरला नेणार होते. जी-सिंक बंद केल्यावर गेली. फक्त लोडिंगला दिसत असेल तर दुर्लक्ष कर. खेळताना दिसत असेल तर त्या गेमपुरती सोय बंद कर.

आणि काहीच मिळालं नाही तर? मक्स नाही, जी-सिंक नाही, फ्रीसिंक लागू पडत नाही. तरीही हातात एक जुनी, भरवशाची युक्ती उरते, आणि ती 144 वर फार सुंदर बसते. गेम 72 वर बांध. 72 म्हणजे 144 च्या बरोबर निम्मे, प्रत्येक फ्रेम कधी दुसरी तर कधी तिसरी गाडी असं न करता नेमाने दर दुसऱ्या गाडीने जाते, 14, 14, 14. हेलकावणं संपलं. अट एकच: गेमने 72 च्या खाली जाता कामा नये. तू आत्ता 65 ते 80 वर आहेस, म्हणजे सावल्या आणि गर्दीची दाटी एकेक पायरी कमी केलीस की तळ 72 च्या वर यावा. मग गेममधलं व्ही-सिंक चालू कर, Max Frame Rate 72 ठेव. माउस थोडा जड राहील, पण ताल बसेल. त्याहून जड गेम असेल तर 48 वर बांध, म्हणजे दर तिसरी गाडी. हीच युक्ती 60 हर्ट्झवर करायची तर 60 च्या खाली सरळ 30 वर उतरावं लागतं. 144 चा खरा फायदा इथे आहे, आणि तो तू आधीच विकत घेतलेला आहेस. 60 वर फेरी चुकली तर चित्र 17 वरून 33 मिलिसेकंदांवर जातं, तुझ्याकडे 14 वरून 21 वर. बदलत्या गतीची गरज 60 वाल्यांना तुझ्याहून जास्त आहे.

पिक्चर, क्रिकेट आणि ब्राउझिंगबद्दल मात्र तुझा अंदाज चुकतोय. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असताना स्क्रीन त्याच्या मागे धावत नाही. डेस्कटॉप एकाच ठरलेल्या गतीने चालतो, कारण त्याच वेळी बाण, घड्याळ, दुसरी खिडकी असं सगळं त्याला दाखवायचं असतं. पान सरकवताना जे गुळगुळीत वाटतं ते 144 मुळे, बदलत्या गतीमुळे नाही. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा. 144 ला 24 ने भागलं की 6, बरोबर भाग जातो, प्रत्येक फ्रेम सहा वेळा. 165 ला भागून बघ. म्हणजे पिक्चरसाठी तुझ्या जुन्या, म्हणजे आठवड्यापूर्वीच्या, स्क्रीनचा आकडा महागड्या स्क्रीनपेक्षा चांगला आहे! आपल्याकडचं टीव्ही प्रसारण 25 आणि 50 च्या घराण्यातलं, त्यामुळे क्रिकेट 50 फ्रेमचं असेल तर 60 हर्ट्झवर दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते आणि सीमारेषेकडे पळणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा फिरला की ते खुपतं. 144 वरही भाग नेमका जात नाही, पण चूक एवढी बारीक होते की डोळा सोडून देतो.

रोजच्या वापरात या सगळ्याचा खरा संबंध बॅटरीशी येतो. कॉलेजला जाताना मोड हायब्रिडवर परत ने. थेट जोडणीत 4050 सतत जागं राहतं आणि बॅटरी बघता बघता उतरते. लेक्चरमध्ये नोट्स काढायला त्याचा उपयोग शून्य. Advanced display मध्ये Dynamic मिळत असेल तर ते ठेव: वाचत बसलास की स्क्रीन 60 वर उतरते, पान सरकवलंस की वर जाते. ते गेमसाठी नाही, आणि जी-सिंकही नाही. नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते. मिळत नसेल तर बॅटरीवर असताना हाताने 60 कर. काही लॅपटॉप प्लग काढला की हे स्वतःच करतात आणि मग लोक "अचानक स्क्रीन मंद झाली" म्हणून लिहितात. मोड बदलायला बहुतेक लॅपटॉपवर प्रत्येक वेळी रीस्टार्ट लागतं, आठवड्याभराने त्याचा कंटाळा येईल. माझ्या मते शनिवार-रविवारी थेट आणि बाकी दिवस हायब्रिड, एवढं पुरतं.

तर दुकानदाराला काय सांगायचं? आज रात्री मोडचा तपास कर, उद्या टेक्श्चर आणि 72 करून बघ. यातलं एक जरी जमलं तरी लॅपटॉप ठेव. दोन्ही फसलं आणि 1% low चांगला असूनही खांब तुटतच राहिला, तर बदलण्यात अर्थ आहे, पण तेव्हाही 17 हजार मोजण्याआधी तो दुसरा लॅपटॉप दुकानातच चालू करायला सांग. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेलं येतात, त्यामुळे खोक्यावरच्या ओळीवर विसंबू नकोस. त्याच मशीनवर मोड थेट करून Set up G-SYNC उघडून दाखव म्हणावं. ओळखीचा आहे ना, मग पाच मिनिटं देईल. मोड बदलल्यावर तुझ्या Advanced display मध्ये काय आलं, ते मला कळव.